गच्चीवरचा पतंग आणि पोत्यातला मांजा : एका कलमाला तीन नियम लावून पाहताना

'इंटरप्रिटेशन ऑफ स्टॅट्यूट्स'च्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या काल्पनिक कायद्याची दोन-चार कलमं दिलेली असतात, खाली घडलेली हकिगत असते आणि शेवटी विचारलेलं असतं : लिटरल, गोल्डन आणि मिस्चिफ रूल, म्हणजे शब्दार्थाचा, सुवर्ण आणि अनिष्ट-निवारणाचा नियम लावून आरोपींच्या दायित्वाची चर्चा करा. मी नागपूर खंडपीठात वकिली करते आणि एलएलबीच्या मुलांचा हा पेपर घेते. बहुतेक उत्तरपत्रिकांत तिन्ही नियमांच्या व्याख्या सुरेख असतात आणि हकिगतीला दोन ओळी मिळतात. गुण मात्र हकिगतीत असतात. म्हणून इथे एकच प्रकरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवते. कायदा सरावासाठी मी रचलेला आहे, असा अधिनियम प्रत्यक्षात नाही. विषय मात्र नागपूरकराला समजावून सांगावा लागणार नाही.

अधिनियमाचं दीर्घ शीर्षक असं : "पतंगाच्या कृत्रिम धाग्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या माणसांना आणि पक्ष्यांना होणाऱ्या इजा रोखण्याकरिता अधिनियम."

कलम 3 : "जी कोणी व्यक्ती सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक मैदानात कृत्रिम धाग्याने पतंग उडवील, ती दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असेल."

कलम 4 : "जी कोणी व्यक्ती कृत्रिम धागा स्वतःजवळ बाळगील, ती पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असेल."

कलम 5 : "मासेमारीच्या जाळ्यासाठी किंवा शिवणकामासाठी बाळगलेल्या धाग्यास कलम 4 लागू होणार नाही."

आता हकिगत. संक्रांतीच्या दिवशी महालातल्या केळीबाग रोडला लागून असलेल्या तीन मजली घराच्या गच्चीवरून 'क' नायलॉन मांज्याने पतंग उडवत होता. घर त्याच्या वडिलांचं. पेच लागला, क ने खेच दिली, पतंग पलीकडच्या घराकडे झुकला आणि ताणलेला मांजा खाली रस्त्यावर आला. स्कूटरवरून जाणाऱ्या एका बाईच्या गळ्याला त्याने कापलं. पतंग तेव्हा क च्याच हातात होता, कटलेला नव्हता. क वर कलम 3 खाली खटला आहे.

'ख' निवृत्त शिक्षिका. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या काही जणांबरोबर ती बांबूला आकडा बांधून झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा काढत होती, पक्षी अडकू नयेत म्हणून. सगळा गुंता पोत्यात भरून तिने घरी ठेवला. दोन दिवसांनी तो नष्ट करायला द्यायचा होता. त्याआधीच पोलीस आले. पोत्यात गुंत्याबरोबर मांज्याने भरलेली एक कोरी चक्रीही सापडली. ख म्हणते, शेजारच्या मुलाने ती आपणहून तिच्याकडे दिली होती. ख वर कलम 4 खाली खटला आहे.

ही दोन माणसं मी मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. शब्दाला चिकटून राहिलं तर ज्याच्यामुळे गळा कापला तो सुटण्याची शक्यता आहे आणि मांजा गोळा करणारी अडकते. नियम दोन्ही दिशांना चालतात हे एकाच प्रश्नात दिसावं, म्हणून.

क : सुरुवात शब्दांपासूनच

हे प्रकरण वर्गात दिलं की पहिलं उत्तर ठरलेलं. "मॅडम, क तर सुटतेच नं. गच्ची त्याच्या बापाची आहे, ती कुठून सार्वजनिक रस्ता झाली?" या उत्तरात चूक नाही, पण ते फार लवकर थांबलं आहे.

शब्दार्थाचा नियम म्हणतो, कायद्याच्या शब्दांना त्यांचा साधा, रोजच्या वापरातला अर्थ द्या. तो स्पष्ट असेल तर परिणाम आवडो न आवडो, तोच लागू करा. यातला 'रोजच्या वापरातला' हा भाग मुलं विसरतात आणि शब्दकोश उघडतात. या बाबतीतला उत्तम दाखला आपल्याच भागातला आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1947 च्या विक्रीकर कायद्यात 'भाजीपाला' करमुक्त होता. विड्याची पानं भाजीपाल्यात येतात का, हा वाद आधी नागपुरात संत्रा मार्केटच्या पान व्यापाऱ्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयापुढे नेला आणि पुढे अकोल्याच्या रामावतार बुधाईप्रसाद यांच्या प्रकरणात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पान ही वनस्पतीच. पण न्यायालयाने म्हटलं की शास्त्रातला अर्थ इथे चालणार नाही. घरच्या मळ्यात पिकणारं आणि जेवणात खाल्लं जाणारं ते भाजीपाला, असंच लोक समजतात. शिवाय याच कायद्याच्या अनुसूचीत विड्याची पानं आधी स्वतंत्र नोंद म्हणून होती आणि नंतर ती नोंद काढली होती. म्हणजे विधिमंडळही दोन्ही गोष्टी वेगळ्या मानत होतं. पानांवर कर लागला.

आता हीच कसोटी कलम 3 ला लावा. गच्चीवर चक्री धरून उभ्या असलेल्या मुलाच्या आईला खालून कोणी विचारलं, "पोरगा कुठे पतंग उडवून राहिला?" तर ती "गच्चीवर" म्हणेल, "रस्त्यावर" म्हणणार नाही. पतंग उडवण्याची जागा म्हणजे उडवणाऱ्याची जागा, हा लोकांच्या बोलण्यातला अर्थ. त्या अर्थाने क सुटतो.

पण कलमाचे शब्द पुन्हा वाचा. कलमात "सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून" असं नाही, "सार्वजनिक रस्त्यावर… पतंग उडवील" असं आहे. पतंग उडवण्याच्या क्रियेत माणूस, दोर आणि पतंग तिघंही असतात, आणि क च्या बाबतीत दोर रस्त्यावर होता, पतंग रस्ता ओलांडून गेला होता. रस्त्यावरून विमान गेलं असं आपण म्हणतो तेव्हा वैमानिक रस्त्यावर उभा नसतो. म्हणजे शब्दांत दुसऱ्या वाचनालाही जागा आहे : क्रियेचा काही भाग रस्त्यावर घडला तर ती क्रिया रस्त्यावर घडली.

उत्तराचा पाया इथे बसतो. शब्दार्थाच्या नियमाखाली "क सुटतो" एवढंच लिहिण्याऐवजी "शब्दांचे दोन अर्थ निघतात, बोलीभाषेतला पहिला अर्थ क च्या बाजूचा आहे, पण दुसरा अर्थ शब्दांना अजिबात न पेलणारा नाही" असं लिहायचं. पुढे अनिष्ट-निवारणाच्या नियमाला उभं राहायला जागा लागणार आहे, ती याच वाक्यात तयार होते.

बचावाचा वकील इथे फिशर विरुद्ध बेल काढेल, आणि काढायलाच हवं. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने खटक्याचा चाकू किंमत लावून काचेत मांडला होता. 1959 च्या कायद्यात असा चाकू 'विक्रीस देऊ करणं' गुन्हा होता. करार कायद्यात दुकानातली मांडणी ही देकार नसते, ते गिऱ्हाइकाला देकार करायचं निमंत्रण असतं. म्हणून इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला सोडलं. कायद्यातली फट भरणं हे न्यायालयाचं काम नव्हे, संसदेचं, अशी भूमिका घेतली. आणि संसदेने 1961 मध्ये दुरुस्ती करून ती भरलीही. बचाव म्हणेल, गच्ची ही तशीच फट आहे, ती विधिमंडळाने भरावी.

क : सुवर्ण नियम इथे का चालत नाही

सर्वांत जास्त गुण इथे जातात. सुवर्ण नियमाखाली मुलं लिहितात, "बाईचा गळा कापला, तरी क सुटला तर ते विसंगत होईल, म्हणून सुवर्ण नियमानुसार क दोषी." असा सुवर्ण नियम नाही.

हा नियम म्हणतो, साध्या अर्थाने असा परिणाम निघत असेल की जो विधिमंडळाच्या मनात असूच शकत नाही, किंवा कायद्याच्याच बाकीच्या भागाशी तो उघड विसंगत असेल, तर ती विसंगती टाळण्यापुरता अर्थ बदला, त्यापलीकडे नाही. 1857 च्या ग्रे विरुद्ध पीअर्सनमध्ये लॉर्ड वेन्सलीडेल यांनी याच मर्यादेसकट तो मांडला. आर. विरुद्ध ॲलन, 1872, बघा. पहिलं लग्न टिकून असताना दुसरं 'लग्न करणं' गुन्हा होता. पण पहिलं लग्न असताना दुसरं कायदेशीर लग्न होऊच शकत नाही. मग 'लग्न करणं' म्हणजे वैध लग्न असा अर्थ घेतला तर तो गुन्हा जगात कोणाच्या हातून घडणंच अशक्य. कलम मृत होतं. म्हणून न्यायालयाने 'लग्नाचा विधी करणं' असा अर्थ घेतला. विसंगती म्हणजे ही.

क च्या बाबतीत कलम मृत होतं का? होत नाही. रस्त्यावर आणि मैदानात उभं राहून मांजा वापरणारे कितीतरी आहेत, त्यांना ते लागू राहतं. विधिमंडळाने मुद्दामच खासगी घराच्या आत शिरायचं टाळलं असेल, अशी कल्पना करणंही कठीण नाही. घराच्या गच्चीवर पोलिसांना धाडायला अनेक विधिमंडळं कचरतात. परिणाम वाईट आहे, अपुरा आहे, पण अशक्य नाही. कायद्याच्या शब्दांत न आलेली परिस्थिती आणि कायद्याला मूर्खपणाकडे नेणारी परिस्थिती या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण वगळलेली बाब म्हणतो, आणि ती भरून काढायचा अधिकार सुवर्ण नियम देत नाही. "सुवर्ण नियम क ला दोषी ठरवायला पुरेसा नाही" असं स्पष्ट लिहिणारा विद्यार्थी मला आवडतो. तिन्ही नियमांनी प्रत्येक वेळी काहीतरी दिलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

क : अनिष्ट-निवारणाचा नियम

हा नियम 1584 च्या हेडनच्या प्रकरणातून आला. त्यात चार प्रश्न आहेत : कायदा येण्याआधी स्थिती काय होती, त्या स्थितीत कोणतं अनिष्ट शिल्लक होतं, ते दूर करायला विधिमंडळाने कोणता उपाय दिला, आणि त्या उपायामागचं खरं कारण काय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात संविधानाच्या अनुच्छेद 286 चा अर्थ लावताना हेच प्रश्न वापरले.

हे प्रश्न नुसते लिहून चालत नाही, एकेकाचं उत्तर द्यावं लागतं. पहिला : या अधिनियमाआधी काय होतं? दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य भारतीय दंड संहितेच्या कलम 336 ते 338 खाली गुन्हा होतं, आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 मध्ये आहे. (क वर तोही आरोप लावता आला असता, पण प्रश्न त्याबद्दल नाही, उत्तरात एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नका.) दुसरा : उणीव कोणती? त्या कलमांना बेदरकारपणा सिद्ध करावा लागतो, आणि व्यवहारात ती इजा झाल्यावरच हलतात. तारेत अडकलेल्या घारीसाठी ती कलमं नाहीतच. तिसरा : उपाय? धाग्याचा वापर आणि तो बाळगणं या दोन्हींवर, इजा होण्याआधीच, बंदी. चौथा : कारण? दीर्घ शीर्षकातच आहे. रस्त्याने जाणारा माणूस आणि पक्षी यांना इजेपासून वाचवणं.

अनिष्ट कशातून काढायचं, यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. ते अधिनियमाच्या शीर्षकातून, उद्देशिकेतून, आधीच्या कायद्यातून काढायचं. हकिगत वाचून आपल्याला वाटलेल्या हळहळीतून नाही. नागपुरात संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल वाहतुकीला बंद ठेवावे लागले आहेत, दुचाकीवाले हँडलला तारेची कमान लावून फिरतात, राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली आणि आपल्या खंडपीठाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली. हे सगळं खरं आहे, आणि अनिष्ट किती मोठं आहे ते त्यातून कळतं. पण या कलमाने त्यातला कोणता भाग धरला, ते या अधिनियमाच्या शब्दांवरूनच ठरेल.

आता ज्याला संरक्षण द्यायचं तो रस्त्याने जाणारा माणूस आहे. त्याच्या गळ्याला लागणारा मांजा गच्चीवरून आला की फुटपाथवरून, याने त्याच्या इजेत फरक पडत नाही. उलट रस्त्यावर उभं राहून उडवणाऱ्याचा दोर निदान समोर दिसू शकतो. तीन मजल्यांवरून तिरका उतरलेला दिसत नाही. उपायाचं कारण लक्षात घेतलं तर 'रस्त्यावर' हा शब्द पतंग उडवण्याच्या क्रियेला लागतो, उडवणाऱ्याच्या पायाखालच्या जागेला नाही.

याला सर्वांत जवळचा निकाल स्मिथ विरुद्ध ह्यूज, 1960. इंग्लंडच्या 1959 च्या कायद्यात रस्त्यात किंवा सार्वजनिक ठिकाणी वेश्याव्यवसायासाठी गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा होता. बायका घराच्या बाल्कनीत किंवा खिडकीत होत्या आणि काचेवर टकटक करून रस्त्यावरच्या पुरुषांना बोलावत होत्या. बचाव तोच : आम्ही रस्त्यात नव्हतो. लॉर्ड पार्कर यांनी म्हटलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी हा कायदा आहे, आणि बोलावणं रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचत होतं. बोलावणारी कुठे उभी होती याला महत्त्व नाही. शिक्षा कायम झाली. बोलावण्यापेक्षा क चा मांजा किती तरी पुढचा आहे, तो प्रत्यक्षच रस्त्यावर आला होता.

आता गंमत नाही, पण अभ्यासाला फार मोलाची गोष्ट : फिशर विरुद्ध बेलही लॉर्ड पार्कर यांनीच आणि त्याच 1960 सालात दिला. एकच न्यायाधीश, काही महिन्यांचं अंतर, एकदा शब्दाला चिकटून आरोपी सुटला, एकदा हेतूकडे पाहून शिक्षा झाली. मुलं विचारतात, मग नियम मनाला येईल तो निवडायचा का? मला यातला फरक असा दिसतो. 'विक्रीस देऊ करणं' याला करार कायद्यात आधीच पक्का अर्थ होता, त्यात दुसऱ्या अर्थाला जागा नव्हती. तो बदलायचा तर कलमात नवे शब्द घालावे लागले असते. 'रस्त्यात बोलावणं' याचे मात्र दोन अर्थ शब्दांतच होते, न्यायालयाने त्यातला एक निवडला. अनिष्ट-निवारणाचा नियम शब्दांतली जागा वापरतो, नवी जागा बांधत नाही. म्हणूनच आधी शब्दार्थाच्या भागात दोन अर्थ दाखवून ठेवले.

सरकारी बाजू भारतीय निकाल मागेल तर कंवर सिंग विरुद्ध दिल्ली प्रशासन, 1965, आहे. रस्त्यावर चरणारी जनावरं पालिकेच्या लोकांनी पकडली. मालक म्हणाले, 'सोडून दिलेली' म्हणजे मालकी कायमची टाकलेली, आमची तशी नाहीत. न्यायालयाने शब्दकोशातला तो अर्थ नाकारला. शहरात मोकाट जनावरांचा त्रास थांबवणं हा हेतू पाहता 'सोडून दिलेली' म्हणजे देखरेखीशिवाय मोकळी सोडलेली, असं ठरवलं.

बचावाचं शेवटचं शस्त्र राहतं : हा दंडाचा कायदा आहे. तोलाराम रेलुमल विरुद्ध मुंबई राज्य, 1954, यात पूर्ण न झालेल्या इमारतीतली जागा देण्यासाठी आधीच घेतलेली रक्कम मुंबई भाडे कायद्याच्या कलम 18 मध्ये बसते का, हा प्रश्न होता. दोन अर्थ वाजवीपणे निघत असतील तर आरोपीला वाचवणारा घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि घरमालक सुटला. हा मुद्दा उत्तरात टाळून चालत नाही. माझं मत असं की हे तत्त्व शेवटी येतं, आधी नाही. हेतू, शीर्षक, संदर्भ हे सगळं पाहिल्यावरही खरा संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला. कलम 3 मध्ये शीर्षक वाचल्यावर तो संशय माझ्या मते उरत नाही. म्हणून क दोषी. पण उलट निष्कर्ष तोलारामच्या आधाराने नीट मांडणाऱ्याला मी कमी गुण देणार नाही.

ख : इथे सुवर्ण नियम कामाला येतो

ख चं प्रकरण शब्दांच्या दृष्टीने सोपं आणि निकालाच्या दृष्टीने अवघड. धागा कृत्रिम आहे. तो तिच्या घरात, तिच्या ताब्यात आहे. तो काय आहे हे तिला पुरतं माहीत आहे. काही मुलं "तिचा हेतू वाईट नव्हता, म्हणून ताबा नाही" असं लिहितात. ताब्यासाठी वस्तू आपल्याकडे आहे ही जाणीव आणि तिच्यावरचं नियंत्रण लागतं. ख कडे दोन्ही आहे. चांगल्या हेतूने ताबा नाहीसा होत नाही. शब्दार्थाने ख दोषी.

सरकारी वकिलाकडे आणखी एक चांगला मुद्दा आहे, तो म्हणजे कलम 5. विधिमंडळाने सवलती मोजून दिल्या : मासेमारी आणि शिवणकाम. गोळा करणाऱ्यांना सवलत द्यायची असती तर तिथेच दिली असती. एक सांगितलं म्हणजे दुसरं वगळलं, हा अर्थ लावण्याचा जुना नियम आहे. जो विद्यार्थी हा मुद्दा स्वतःहून काढून मग खोडतो, त्याला प्रकरण समजलं आहे.

खोडायचा कसा? शब्दार्थाने निघणारा परिणाम शेवटपर्यंत ताणून पाहा. ख चं पोतं जप्त करणारा हवालदार ते घेऊन ठाण्यात जातो. धागा त्याच्याजवळ आहे, तो काय आहे हे त्याला माहीत आहे, तो मासेमारीसाठीही नाही आणि शिवणकामासाठीही नाही. मुद्देमालाच्या खोलीचा प्रभारी, पुरावा म्हणून तो न्यायालयात आणणारा शिपाई, जखमी घारीच्या पंखातून मांजा कापून काढणारा पशुवैद्य, सगळे कलम 4 खाली दोषी. कायदा अमलात आणणारा प्रत्येक जण तो अमलात आणतानाच मोडतो. हे विधिमंडळाच्या मनात असणं शक्य नाही. क च्या बाबतीत जे नव्हतं ते इथे आहे : नुसता कटू परिणाम नव्हे, कायद्याने स्वतःलाच अडवणं.

असं झालं की अर्थ किती बदलायचा? विसंगती टाळण्यापुरता. 'स्वतःजवळ बाळगील' याचा अर्थ 'वापरण्यासाठी किंवा दुसऱ्याला वापरायला मिळावा म्हणून जवळ ठेवील' असा घेतला की पुरतं. हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही, बाळगणं या शब्दात आपल्यासाठी राखून ठेवण्याची छटा असतेच. आणि कलम 5 शी तो जुळतो. तिथल्या दोन्ही सवलती धागा वापरणाऱ्यांच्या आहेत. म्हणजे विधिमंडळ वापरासाठी बाळगणाऱ्यांचाच विचार करत होतं आणि त्यातल्या निरुपद्रवी वापरांना वगळत होतं. नष्ट करायला गोळा करणारे त्या यादीत नाहीत, कारण ते त्या प्रश्नाच्या कक्षेतच नव्हते. भारतात या नियमाचा आधार हवा असेल तर तीरथ सिंग विरुद्ध बचित्तर सिंग, 1955. निवडणूक कायद्याच्या कलम 99 मधली नोटीस शब्दशः वाचली तर ज्याने खटला आधीच पूर्ण लढवला त्या पक्षकारालाही पुन्हा नोटीस देऊन पुन्हा संधी द्यावी लागली असती. सर्वोच्च न्यायालयाने ते टाळून, नोटीस पक्षकार नसलेल्यांनाच, असा अर्थ घेतला.

अनिष्ट-निवारणाचा नियमही ख च्याच बाजूने जातो. तो तीन ओळींत लिहिला तरी चालतो. ती नेमकं तेच अनिष्ट झाडावरून उतरवत होती.

राहिली कोरी चक्री. इथे अर्ध्याहून जास्त मुलं पुन्हा अर्थ लावायला बसतात. गरज नाही. आपण कलमाचा अर्थ ठरवला : वापरासाठी बाळगणं. चक्री वापरासाठी होती की नष्ट करायला, हा पुराव्याचा प्रश्न आहे. ती पोत्यात गुंत्याबरोबर होती की कपाटात वेगळी, शेजारचा मुलगा काय सांगतो, ख च्या घरी पतंग उडवणारं कोणी आहे का, यावर न्यायाधीश निर्णय देतील. ख खरं बोलत असेल तर चक्रीसाठीही ती दोषी नाही. खोटं बोलत असेल तर तेवढ्यापुरती दोषी. अर्थाचा प्रश्न कुठे संपतो आणि पुराव्याचा कुठे सुरू होतो, एवढी रेघ उत्तरात दिसली पाहिजे.

हकिगत थोडी बदलली तर

परीक्षक तोंडी परीक्षेत हेच करतात. समजा क ची गच्ची रस्त्याला लागून नाही, वाड्याच्या आतल्या चौकावर आहे, आणि पतंग पूर्ण वेळ त्या चौकावरच राहिला. नायलॉन मांजा तोच, पक्षी अडकण्याची भीती तीच, आणि दीर्घ शीर्षकात पक्षी आहेतच. इथे मी सरकारी बाजूचा मुद्दा मान्य करणार नाही. क्रियेचा कोणताही भाग रस्त्यावर किंवा मैदानात घडला नाही. त्याला दोषी ठरवायचं तर कलमातून 'सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक मैदानात' हे शब्द पुसावे लागतील. पक्ष्यांचं रक्षण हा हेतू कितीही खरा असला तरी कलम 3 मध्ये त्याला टेकायला शब्द नाही. तिथे क कलम 3 खाली सुटतो. मात्र त्याच्या हातातला मांजा कलम 4 मध्ये सरळ बसतो, कारण तो त्याने वापरण्यासाठीच बाळगला होता, आणि त्याला शब्दार्थाचा नियम एकटाच पुरेसा आहे.